लसीकरण कार्डाचा फोटो, परदेशातली शाळा आणि मधलं भाषांतर

माझ्या भाचीचा मुलगा बडोद्यात जन्मला, पाच वर्षांचा होईपर्यंत इथेच वाढला आणि मग आईबाबांबरोबर कॅलिफोर्नियाला गेला. शाळेने लसींची नोंद मागितली तेव्हा मूळ कार्डं रावपुऱ्यात त्याच्या आजीच्या कपाटात होती. आजींनी फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले, तिथल्याच कुणाकडून घाईघाईत इंग्रजी भाषांतर करून घेतलं गेलं, आणि आठवडाभरात शाळेच्या नर्सबाईंचा प्रश्न आला की याचे पोलिओचे डोस नेमके कोणते? मग ते सगळं प्रकरण माझ्याकडे आलं. मी दांडिया बाजारात घरून गुजराती आणि मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं करते, त्यामुळे असे कार्ड-फोटो दर उन्हाळ्यात येतातच. पहिल्यांदाच या वाटेने जाणाऱ्यांसाठी हे एक प्रकरण मी सविस्तर सांगते, कारण होणाऱ्या बहुतेक चुका त्यात होत्या.

आधी कार्ड किती आहेत ते मोजा

बडोद्यातल्या मुलाची नोंद सहसा एका जागी नसते. पहिल्या वर्षभराच्या लसी सरकारी केंद्रात झाल्या असतील तर ममता कार्ड असतं, गुजराती छापलेलं आणि नर्सबेनने हाताने भरलेलं. पुढे बालरोगतज्ज्ञांकडे गेलात तर त्यांची स्वतःची इंग्रजी पुस्तिका असते, त्यात कुपीवरची चिकटपट्टी लावलेली असते. आमच्या प्रकरणात दोन्ही होती. आजींनी ममता कार्डाचे फोटो पाठवले होते, पुस्तिकेची मधली दोनच पानं पाठवली होती, आणि मुखपृष्ठ 'त्यात काय आहे' म्हणून सोडून दिलं होतं. मुलाचं नाव आणि जन्मतारीख मुखपृष्ठावरच होती. तिच्याशिवाय मधली पानं कुणाच्याही मुलाची असू शकतात.

म्हणून पहिली पायरी अशी: प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानाचाही, पुढून-मागून फोटो घ्या आणि फोटोंना क्रम द्या. भाषांतरात 'पान ५ कोरे आहे' असं लिहिता आलं की वाचणाऱ्याला कळतं, काही राहिलेलं नाही.

फोटो काढताना कार्ड खिडकीजवळ सपाट ठेवा, फोन बरोबर वरून धरा, फ्लॅश बंद ठेवा. कार्डावर प्लास्टिक चढवलेलं असेल तर फ्लॅशचा पांढरा ठिपका नेमका एखाद्या तारखेवर बसतो. पुस्तिकेची घडी पडलेली जागा बोटाने दाबून ठेवायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा, पण त्यांचं बोट रकान्यावर येऊ देऊ नका. चिकटपट्ट्यांचे वेगळे, जवळून फोटो घ्या. आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं, आणि बॅच नंबरातला बी आणि आठ एकसारखे दिसायला लागतात.

आजींना हे सगळं मी फोनवर समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी एक दाग दंडावर पडला की झालं." मग मात्र दुपारभर खिडकीत बसून त्यांनी एकोणीस फोटो काढले. तेही कसे, तर एकदम सरळ.

जे लिहिलंय ते आधी उतरवून घ्या

भाषांतर सुरू करण्याआधी मी एक कच्चा तक्ता करते. त्यात प्रत्येक नोंद एका ओळीत, आणि ओळीत चार गोष्टी: कार्डावर हाताने काय लिहिलंय, चिकटपट्टीवर काय छापलंय, दिल्याची तारीख, बॅच. या टप्प्यावर काहीच बदलायचं नाही. चुकीचं वाटलं तरी नाही.

पुस्तिकांमध्ये सहसा दोन तारखांचे रकाने शेजारी असतात, एक 'कधी द्यायची' आणि एक 'कधी दिली'. पहिला रकाना दवाखान्यात आधीच भरून ठेवलेला असतो, सुंदर अक्षरात. दुसरा, डॉक्टरांनी घाईत लिहिलेला, वाचायला कठीण. नवखा माणूस साहजिकच वाचता येणारी तारीख उचलतो. मुलाला सर्दी होती म्हणून लस दोन आठवड्यांनी दिली असेल तर ती तारीख साफ चुकते. म्हणून दुसऱ्याच रकान्यातली घ्या. तो कोरा असेल तर 'दिल्याची तारीख लिहिलेली नाही' असंच लिहा. पहिल्या रकान्यातली तारीख तिथे आणून बसवू नका.

गुजराती नावं, मराठी डोकं

गुजरातीत ज्याला ओरी म्हणतात तो आपला गोवर. अछबडा म्हणजे कांजिण्या, झेरी कमळो म्हणजे हेपटायटिस बी, धनुर म्हणजे धनुर्वात, ऊंटाटियुं म्हणजे डांग्या खोकला, गालपचोळियां म्हणजे गालगुंड. त्रिगुणी हा शब्द दिसला की घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांची लस समजायची, म्हणजे डीपीटी. मी एकदा हिचं 'एमएमआर' झालेलं पाहिलंय. कुणीतरी 'तीन रोगांची' एवढंच वाचलं आणि तीन रोगांची जी लस त्याला माहीत होती ती लिहून मोकळा झाला.

त्याच जातीची पण जास्त वेळा होणारी चूक म्हणजे एमआरचं एमएमआर. सरकारी कार्यक्रमात नऊ महिन्यांनंतर आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांत दिली जाते ती एमआर, गोवर आणि रुबेलाची. तिच्यात गालगुंडाची लस नाही. खाजगी दवाखान्यात मिळते ती बहुधा एमएमआर, तिच्यात तिन्ही. कार्डावर एमआर असेल आणि भाषांतरात एमएमआर आलं, तर मुलाला न मिळालेली एक लस तुम्ही कागदावर देऊन टाकलीत. चांगल्या हेतूने केलं तरी ती खोटी नोंदच झाली.

भाचीच्या मुलाच्या नोंदीत हे दोन्ही होते. ममता कार्डावर नऊ महिन्यांची एमआर, आणि पुस्तिकेत पुढच्या दोन एमएमआर, पंधरा महिन्यांची आणि पाच वर्षांची. घाईतल्या भाषांतरात तिन्ही ओळींवर एमएमआर होतं, 'एकसारखं दिसावं' म्हणून. कॅलिफोर्नियात शाळाप्रवेशासाठी एमएमआरचे दोन डोस लागतात आणि दोन्ही पहिल्या वाढदिवसाच्या दिवशी किंवा नंतर दिलेले असावे लागतात. म्हणजे नऊ महिन्यांचा डोस तसाही धरला जाणार नव्हता. पण तो कुणी धरायचा आणि कुणी नाही, हे ठरवणारे आपण नव्हे. आपण एमआरला एमआर लिहायचं आणि तारीख खरी लिहायची.

पोलिओचा घोळ आणि एक 'पेंटा'

आता नर्सबाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण सगळ्यात महागात पडलेली चूक तिथे होती.

भारतात जन्मलेल्या मुलाच्या कार्डावर पोलिओ तीन रूपांत असतो. तोंडाने दिलेले थेंब, म्हणजे ओपीव्ही. त्वचेत टोचलेला छोटा डोस, म्हणजे एफआयपीव्ही, तो ०.१ मिलिलिटरचा असतो. आणि पूर्ण ०.५ मिलिलिटरची इंजेक्शनवाली आयपीव्ही, जी खाजगी दवाखान्यात बहुधा इतर लसींबरोबर एकाच सिरिंजमध्ये येते. भाषांतरात या तिघांचंही 'पोलिओ' झालं होतं. आठ ओळी, आठ वेळा पोलिओ. मुलाचं तर भरपूर लसीकरण झालेलं दिसत होतं, मग अडलं कुठे?

अडलं असं. भारताने २५ एप्रिल २०१६ ला पोलिओ विषाणूच्या तिन्ही प्रकारांवरचे तिहेरी थेंब बंद करून दोनच प्रकारांवरचे दुहेरी थेंब सुरू केले, कारण विषाणूचा दुसरा प्रकार नाहीसा झाला होता. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनानुसार १ एप्रिल २०१६ किंवा त्यानंतर दिलेले तोंडाचे थेंब शाळेच्या पोलिओ हिशोबात धरत नाहीत, कारण त्या हिशोबाला तिन्ही प्रकार हवेत. मुलाचा जन्म २०१८ चा. म्हणजे त्याचे थेंब कितीही असले तरी नर्सबाईंना उरलेल्या नोंदी पाहायच्या होत्या, आणि कोणती नोंद थेंबांची आणि कोणती इंजेक्शनची, हेच कागदावर नव्हतं.

आणि त्यात एक नोंद चक्क गायब होती. पुस्तिकेत अठरा महिन्यांच्या बूस्टरसमोर डॉक्टरांनी 'पेंटा बी' एवढंच लिहिलं होतं. बी म्हणजे बूस्टर. भाषांतरात झालं 'पेंटाव्हॅलंट बूस्टर'. सरकारी कार्यक्रमातल्या पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, हेपटायटिस बी आणि हिब नावाचा जिवाणू यांच्यावरचे पाच घटक असतात. पण त्या ओळीशेजारी लावलेल्या चिकटपट्टीवर पेंटाझिम छापलेलं होतं. पेंटाझिममध्येही पाचच घटक, पण हेपटायटिस बी नाही, त्याच्या जागी आयपीव्ही. म्हणजे 'पेंटाव्हॅलंट' या एका शब्दाने मुलाचा पोलिओचा एक पूर्ण डोस पुसला गेला आणि कधी न मिळालेला हेपटायटिस बीचा डोस लिहिला गेला.

यावरून माझा नियम: हाताने लिहिलेलं आणि चिकटपट्टीवरचं दोन्ही द्यायचं, एकाच्या जागी दुसरं नाही. 'पेंटा' हे डॉक्टरांचं टोपणनाव आहे. ते सोडवून लिहू नका, अवतरणात ठेवा आणि शेजारी छापील नाव द्या. आपल्या ओळीचं रूप साधारण असं आलं (बॅच नंबर इथे बदललाय):

```
Handwritten: "Penta B"
Sticker:     PENTAXIM
Date given:  10 FEB 2020
Batch:       R3K41[0 or O]V
EXP:         06/2021
```

लसीचं छापील नाव भाषांतरित करायचं नसतं, ते फक्त उतरवायचं असतं. कंपनीने पेंटाझिम लिहिलंय तर पेंटाझिम, त्याखाली तिच्यात काय काय असतं याची यादी आपण घालायची नाही. वाचणाऱ्या नर्सकडे घटकांचा तक्ता असतो. अपवाद एकच: गुजरातीत शब्दाने लिहिलेलं नाव, जसं ओरी किंवा त्रिगुणी. ते इंग्रजीत आणावंच लागतं, आणि तिथे मी मूळ शब्द रोमन लिपीत बाजूला ठेवते.

पाच वर्षांच्या नोंदीवर टेट्राझिम होतं, म्हणजे पुन्हा आयपीव्ही असलेली. नवा तक्ता गेल्यावर नर्सबाईंच्या हिशोबात मुलाचे आयपीव्हीचे दोन पूर्ण डोस निघाले आणि त्यांनी आणखी एक मागितला. तो तिथे घेतला. जुन्या भाषांतरावर दोन घ्यावे लागले असते, आणि वर हेपटायटिस बीचा न घेतलेला एक डोस त्याच्या नावावर कायमचा राहिला असता.

चार की आठ

तारखांचं दुखणं वेगळंच आहे. आपल्या मराठी डोळ्याला गुजराती आकडे परके नाहीत, चार तर मराठी चारासारखाच. पण तोच चार इंग्रजी आठासारखाही दिसतो. आणि बडोद्यातली एक नर्सबेन गुजराती आकड्यांत लिहिते, दुसरी इंग्रजी आकड्यांत, कधी एकाच कार्डावर तीन हात असतात.

मुलाचा जन्म ४ ऑगस्ट २०१८ चा. ममता कार्डावर बीसीजी, हेपटायटिस बी आणि पहिल्या थेंबांची तारीख गुजराती आकड्यांत होती, दिवसाचा आकडा चार. घाईतल्या भाषांतरात तो ८ ऑगस्ट झाला. नर्सबाईंनी कदाचित दुर्लक्ष केलं असतं, पण जन्माच्या दिवशीची हेपटायटिस बी चार दिवस उशिरा दिसत होती, आणि ती लस चोवीस तासांत द्यायची असते.

उलटी चूक मी स्वतः केली असती. नऊ महिन्यांच्या एमआरची तारीख मला ४ मे २०१९ वाटली, आणि चार मेला मुलगा बरोबर नऊ महिन्यांचा होतो, त्यामुळे संशयसुद्धा आला नाही. जुळतंय म्हणून खरं मानणं ही या कामातली सगळ्यात गोड फसगत. मग मी ओळ पुन्हा मोठी करून पाहिली. महिन्याचा पाच इंग्रजी वळणाचा होता, वर्षातला एकोणीससुद्धा इंग्रजी. लिहिणाऱ्याने बाकी सगळं इंग्रजीत लिहिलंय तर पहिला आकडा एकटाच गुजराती कसा असेल? तो आठच होता. ८ मे २०१९.

त्यावर एक पडताळाही मिळाला. ममता दिवस म्हणजे सरकारी लसीकरणाचा दिवस, आणि तो बहुतेक ठिकाणी बुधवारी असतो. ८ मे २०१९ ला बुधवार होता, ४ मेला शनिवार. कार्डावरच्या त्या केंद्राच्या बाकीच्या तारखा पाहिल्या: १९ सप्टेंबर, १७ ऑक्टोबर, २१ नोव्हेंबर २०१८, सगळे बुधवार. हा पुरावा नव्हे, जन्माच्या लसी तर जन्म झाला त्या वारी दिल्या जातात. पण दोन वाचनांत अडकलात तर कॅलेंडर उघडून पाहायला काही लागत नाही.

जोडीने आणखी एक पाहते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या डोसांमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर असायला हवं. १९ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर बरोबर अठ्ठावीस दिवस, ठीक. अंतर तीन आठवड्यांचं निघालं तर बहुधा तुम्ही एखादा आकडा चुकीचा वाचलाय, पुन्हा फोटोकडे जा. पण पुन्हा पाहूनही तीनच आठवडे असतील तर तारीख आहे तशी जाते. अंतर ओढून ताणून चार आठवडे करणं म्हणजे कागद सजवणं झालं.

भाषांतरात तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. ९ नोव्हेंबर २०१९ आकड्यांत गेली की तिथे ती ११ सप्टेंबर वाचली जाते, आणि दोन्ही तारखा खऱ्या वाटतात म्हणून चूक सापडतही नाही. दिवस बाराच्या वर असेल तरच ती उघडी पडते.

बॅच नंबर

इथे मी आणखी सावकाश जाते. बॅच नंबरात अर्थ नसतो, म्हणून चूक झाली तर डोक्याला काही खटकत नाही. तारीख विचित्र वाटू शकते, लसीचं नाव विचित्र वाटू शकतं, बॅच कधीच नाही.

शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस, आठ आणि बी या जोड्या जवळच्या फोटोतही कळत नाहीत. त्याच कंपनीची दुसरी चिकटपट्टी पुस्तिकेत असेल तर छापाचं वळण तुलना करून पाहता येतं. तरीही कळलं नाही तर वरच्या नमुन्यात आहे तसं दोन्ही पर्याय कंसात द्या. अंदाजाने एक निवडू नका. मग दुसऱ्या कुणाला तरी समोर बसवून मी नंबर अक्षर-अक्षर मोठ्याने वाचते आणि ते फोटोवरून तपासतात. आमच्या घरी हे काम माझ्या सासऱ्यांचं, ते निवृत्त बँकवाले, एकही अक्षर सोडत नाहीत.

चिकटपट्टीवर बॅचशेजारी बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीखही असते. तिथे बऱ्याचदा फक्त महिना आणि वर्ष असतं, त्यात दिवस घालू नका. दिल्याची तारीख या दोघांच्या मध्ये पडायला हवी. ती मुदतीनंतरची दिसली तर आधी स्वतःच्या वाचनावर संशय घ्या.

एमएमआर आणि कांजिण्यांची लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते आणि देताना तिच्यात पातळ द्रव मिसळतात. त्या द्रवाच्या कुपीला वेगळा बॅच नंबर असू शकतो. दवाखान्यात कधी तीही पट्टी पुस्तिकेत लागते. दोन पट्ट्या असतील तर दोन्ही लिहा आणि कोणत्या पट्टीवर काय छापलंय ते लिहा. नुसता द्रवाचा नंबर लसीचा म्हणून गेला तर कुणी शोधायला गेल्यास काही सापडणार नाही.

ममता कार्डावर बॅच नंबर बहुधा नसतोच. तिथे 'बॅच नोंद कार्डावर नाही' हे वाक्य पुरेसं आहे. पालक इथे घाबरतात आणि केंद्रात जाऊन 'काहीतरी लिहून द्या' म्हणतात. तसं करू नका. चार-सहा वर्षांनी वेगळ्या शाईने भरलेला रकाना पूर्ण कार्डावरचा विश्वास घालवतो.

वाचता येत नाही तिथे

पाण्याने शाई फुटली असेल, शिक्का तारखेवर बसला असेल, तर चौकोनी कंसात `[illegible]` लिहा आणि काय वाचता येतंय ते सांगा, उदाहरणार्थ महिना आणि वर्ष दिसतंय, दिवस नाही. खोडून पुन्हा लिहिलेलं असेल तर खोडलेलं काय होतं तेही लिहा. शिक्क्यावरचा मजकूर भाषांतरित करा, सहीच्या जागी 'सही' एवढंच. सही वाचून नाव काढू नका. कार्डावर आधार क्रमांक असेल तर फोटोच्या प्रतीत तो झाकायला हरकत नाही, पण भाषांतरात तो झाकल्याचं नमूद करा.

मोठी दरी असेल, म्हणजे अख्खं पान फाटलं असेल, तर भाषांतराने ती भरत नाही. लस दिलेल्या डॉक्टरांकडे स्वतःचं रजिस्टर असेल तर त्यांच्याकडून लेटरहेडवर इंग्रजीत नोंद मागा, तारीख आणि बॅचसकट. पण ते त्यांनी स्वतः दिलेल्या लसींचंच लिहून देऊ शकतात, सरकारी केंद्रातल्या नाही. अलीकडे जन्मलेल्या मुलांची नोंद यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर असेल तर तिथलं डिजिटल प्रमाणपत्र उतरवून घ्या आणि कार्डाशी ताडून पाहा. फरक दिसला तर दोन्ही जोडा, कोणतं खरं ते आपण ठरवायचं नाही.

सही कुणाची

शेवटी भाषांतरकाराचं निवेदन जोडायचं: कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत केलं, ते पूर्ण आणि अचूक आहे, आपण दोन्ही भाषा जाणतो, नाव, सही, तारीख, संपर्क. भाषांतर मूळ कार्डावरून नाही, फोटोंवरून केलंय, हे वाक्य मी आवर्जून घालते, आणि फोटोंची संख्याही. आईवडिलांनी स्वतः केलेलं भाषांतर चालेल का, नोटरी लागेल का, हे आधी शाळेला ईमेलने विचारा. प्रत्येक ठिकाणचा नियम निराळा. नोटरीकडे गेलात तरी लक्षात ठेवा, ते सही तुमचीच आहे एवढं सांगतात. चार आणि आठ त्यांनी पाहिलेले नसतात.

पाठवताना एकच पीडीएफ करा, आधी भाषांतर, मग निवेदन, मग फोटो त्याच क्रमाने, आणि भाषांतराच्या प्रत्येक ओळीवर तो फोटो क्रमांक. आमच्या नर्सबाईंनी उत्तरात फक्त तीन ओळींचे फोटो पुन्हा मोठे करून मागितले: पेंटाझिमची पट्टी, ४ ऑगस्ट आणि ८ मे. आजींनी त्याच संध्याकाळी पाठवले, डॉक्युमेंट म्हणून.